खरा टोनर आणि खरा भासणारा टोनर: छपाई, सील आणि चिप काय सांगतात

टेबलावर एकाच मॉडेलच्या लेझर टोनरचे दोन खोके होते. एक आमच्या कपाटातल्या जुन्या साठ्यातला, प्रिंटर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून आलेला. दुसरा नव्या पुरवठादाराने पाठवलेल्या चारांपैकी एक. रंग, चित्र, क्रमांक, बारकोड सगळं जुळत होतं. शंका यायचं कारण एवढंच, की त्या चारांतलं पहिलं कार्ट्रिज बसवल्यापासून शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरच्या पानांवर फिकट राखाडी छटा उतरत होती. म्हणून दुसरं बसवण्याआधी दोन्ही खोके शेजारी ठेवून नीट पाहायचं ठरवलं.

पाहण्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. बनावट लेझर कार्ट्रिजचं शरीर पुष्कळदा खोटं नसतं. वापरून रिकामं झालेलं मूळ कार्ट्रिज गोळा करतात, त्यात पावडर भरतात, चिप बदलतात आणि ते नकली खोक्यात घालून नवं म्हणून विकतात. त्यामुळे प्लॅस्टिकवर कोरलेला लोगो, साचा, खाचा हे सारं अस्सलच असतं. ‘हे मूळ मालासारखं दिसतंय का?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो, कारण उत्तर ‘हो’ असंच येणार. विचारायचं ते असं: हे आधी कुठे वापरलं गेलंय का, आधी कोणी उघडलंय का? खोका बहुधा नवा असतो आणि आतला माल जुना. त्या जुनेपणाच्या खुणा शोधायच्या.

स्वतःच्या नावाने, ‘कंपॅटिबल’ म्हणून किंवा ‘रिफिल केलेलं’ असं सांगून विकलेलं कार्ट्रिज ही फसवणूक नव्हे. ते चांगलं असेल, वाईट असेल, पण ते काय आहे हे तुम्हाला माहीत असतं. फसवणूक होते ती दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याचं सील लावल्यावर.

सुरुवात खोक्याच्या छपाईपासून केली, कारण त्यासाठी काहीच उघडावं लागत नाही. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. मोठ्या चित्राकडे नव्हे, सर्वांत बारीक मजकुराकडे बघायचं. मूळ खोक्यावर तो मजकूर शक्यतो एकाच शाईने सलग छापलेला असतो, त्यामुळे भिंगाखाली अक्षराची कड स्वच्छ दिसते. नकली खोका अनेकदा मूळ खोका स्कॅन करून बनवतात. मग ते काळं अक्षरही चित्राचाच भाग होतं आणि छापताना रंगीत ठिपक्यांत फुटतं. दुसऱ्या खोक्यावर नेमकं हेच दिसलं. नुसत्या डोळ्यांना काळी वाटणारी ओळ भिंगाखाली निळ्या-गुलाबी ठिपक्यांची झाली, आणि लहान अक्षरांच्या पोटातली पोकळी अर्धी बुजलेली होती. लोगोच्या सपाट रंगातही तीच कथा: एकीकडे सलग रंग, दुसरीकडे ठिपक्यांची जाळी.

ही परीक्षा तुलनेनेच करायची. काही मूळ खोक्यांवरही काही भाग ठिपक्यांच्या छपाईत असतात, म्हणून हाताशी त्याच मॉडेलचा खात्रीचा खोका नसेल तर एकट्या ठिपक्यांवरून निकाल देऊ नये. बारकोड स्कॅन झाला याला तर काहीच किंमत नाही. बारकोडची नक्कल करणं सगळ्यांत सोपं.

होलोग्रामचं लेबल मात्र वेळ द्यावा असं आहे. एचपीच्या अनेक खोक्यांवरच्या लेबलात ‘OK’ आणि बरोबरची खूण अशी दोन चिन्हं असतात. लेबल पुढे-मागे कललं की ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेने सरकतात, डावी-उजवीकडे कललं की एकाच दिशेने. नकली लेबल बहुतेक वेळा नुसतं चमकतं, इंद्रधनुष्यासारखे रंग दाखवतं, पण चिन्हं जागची हलत नाहीत. म्हणजे चमक आहे का हे पाहायचं नाही, हालचाल पाहायची. तरीही सावध: अस्सल रिकामे खोके त्यांच्या अस्सल लेबलांसह पुन्हा वापरले जातात. त्यासाठी लेबल नव्हे, खोक्याची झाकणपट्टी तपासावी.

कारखान्यात झाकण गरम डिंकाने एकदाच चिकटवतात. उघडताना पुठ्ठ्याचा वरचा थर फाटून निघतो. पुन्हा चिकटवलेल्या झाकणाखाली म्हणून दोन गोष्टी सापडतात: फाटलेले कागदाचे तंतू आणि त्यांच्यावर नव्या डिंकाचा किंवा दुहेरी चिकटपट्टीचा थर. आमच्या दुसऱ्या खोक्याची झाकणपट्टी अशी नव्हती; ती पहिल्यांदाच उघडली जात होती. पण वर लावलेली पारदर्शक टेप टोकाला किंचित तिरकी आणि आत हवेचे बुडबुडे असलेली, हाताने लावल्यासारखी दिसत होती. खोका नवाच, नकली छापलेला. छपाईने सांगितलं होतं त्याला हे धरूनच होतं.

आतल्या पिशवीच्या बाबतीत पटकन पुढे जातो. मूळ पिशवी सांध्यावर उष्णतेने जोडलेली असते, नकली पिशवीचं तोंड कधी घडी घालून टेपने बंद केलेलं असतं. पिशवी फोडल्यावर कार्ट्रिज फार वेळ उजेडात ठेवू नका, पानावर पावडर उतरवणाऱ्या ड्रमवरचा थर प्रकाशाला संवेदनशील असतो. दिवा मंद करा, पाहणी काही मिनिटांत संपवा आणि मधल्या वेळेत वर जाड कापड टाका.

आता चिप. कार्ट्रिजच्या बाजूला किंवा टोकाला एक छोटी पाटी असते, तिच्यावर सोनेरी चौकोन. हे चिपचे काँटॅक्ट. प्रिंटरच्या आतल्या स्प्रिंगच्या टाचण्या त्यांना टेकतात. कार्ट्रिज सरकत आत जातं, त्यामुळे टाचणी चौकोनावरून घासत थांबते आणि मुलाम्यावर बारीक रेघ उमटते. ही रेघ आत सरकवण्याच्या दिशेलाच असते. कार्ट्रिज दोनदा बसवलं तर शेजारी दुसरी, थोडी हललेली रेघ. टॉर्च अगदी तिरकी धरा, म्हणजे रेघ चमकते.

इथे घाई करू नये. कारखान्यात चिपमध्ये माहिती भरताना किंवा ती तपासतानाही टाचणी टेकवली जाते. तिची खूण मात्र ठिपक्यासारखी असते, कारण ती वरून सरळ खाली येते, घासत नाही. म्हणून नव्या चिपवर एखादा ठिपका असणं साहजिक आहे. रेघ असणं साहजिक नाही. आमच्या जुन्या साठ्यातल्या कार्ट्रिजच्या प्रत्येक चौकोनावर एक पुसट ठिपका होता. संशयित कार्ट्रिजचे चौकोन मात्र लख्ख, कोरे होते.

माझा सहकारी म्हणाला, “मग हे तर जास्तच नवं झालं!” चूक इथेच होते. भरलेलं कार्ट्रिज जुन्या चिपसह नवं म्हणून खपत नाही, तिच्यात ‘संपलं’ अशी नोंद असते. म्हणून बनावट माल करणारे जुनी चिप काढून नवी, नक्कल केलेली लावतात. ती नवीच असल्याने कोरी दिसते. तेव्हा रेघ दिसली तर वापर सिद्ध होतो, पण रेघ दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी नजर चिपवरून तिच्या बैठकीकडे न्यायची.

मूळ चिप तिच्या खाचेत घट्ट, सपाट बसलेली असते. तिला धरणारं प्लॅस्टिक कारखान्यात वितळवून दाबलेलं असेल तर त्या दाबाचे गोल ठसे गुळगुळीत असतात. चिप उचकटली की ते ठसे कापले जातात आणि खाचेच्या कडेला पात्याचा ओरखडा राहतो. संशयित कार्ट्रिजमध्ये एका कोपऱ्यात ठसा सपाट कापलेला होता, आणि चिपच्या कडेखालून पारदर्शक गोंदाचा थेंब बाहेर आला होता. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. नखाने हलकेच दाबल्यावर ती चिप किंचित हललीही.

ड्रमच्या टोकाच्या गिअरकडेही एकदा बघून घ्यावं. कोऱ्या गिअरचे दात सगळीकडे सारखेच मंद असतात. चाललेल्या गिअरच्या दातांची एकच बाजू घासून चकचकीत होते. पुसून स्वच्छ केलेल्या कार्ट्रिजमध्येही दातांच्या मुळाशी काळी पावडर अडकून राहते.

राहिली सीलची पट्टी. पावडरीचा कप्पा आणि रोलर यांच्यामधल्या लांब खिडकीवर कारखान्यात प्लॅस्टिकची पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. ती स्वतःवरच दुमडून बाहेर काढलेली असते, म्हणून ओढली की खिडकीच्या सुमारे दुप्पट लांबीची निघते. ओढताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध जाणवतो, आणि पट्टी बऱ्यापैकी स्वच्छ येते. रिफिल करताना ही खिडकी पुन्हा कारखान्यासारखी बंद करणं अवघड असतं. मग चिकटपट्टी लावतात, नाहीतर सीलच लावत नाहीत आणि बाहेर नुसतंच टोक अडकवतात. असं टोक ओढलं तर ते विरोधाशिवाय सुटून येतं, किंवा मधेच झटका बसून तुटतं, आणि सोबत पावडर सांडते.

पण पट्टी ओढली की माल वापरला गेला असं धरलं जातं, परत करताना वाद होतो. म्हणून पट्टी शेवटी, आणि शक्यतो तिला हात न लावता. टोक बाहेर येतं त्या फटीशी पावडर जमली आहे का, एवढं बघणंही पुष्कळ सांगतं. कार्ट्रिज पिशवीत असताना ते हलवलं आणि पिशवीच्या तळाशी काळी धूळ दिसली, तर आतली खिडकी बंद नाही हे उघड आहे. हल्लीच्या काही मॉडेलमध्ये ओढायची पट्टीच नसते, सील प्रिंटर पहिल्यांदा चालवताना आपोआप निघतं. तिथे पट्टी नाही म्हणून माल खोटा ठरवू नका.

शाईच्या छोट्या कार्ट्रिजला हाच विचार लागू पडतो, जागा तेवढ्या बदलतात. ज्यांच्यात शाई फवारणारी जाळीही कार्ट्रिजवरच असते, त्यांच्या तांबूस काँटॅक्टवर रेघ शोधायची. जाळीवरची टेप एकदा काढून परत लावलेली असेल तर तिच्याखाली सुरकुती आणि वाळलेल्या शाईचा डाग राहतो. काँटॅक्टला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तिथे बसला की जोडणी बिघडू शकते.

संशयित कार्ट्रिज मी बसवलं नाही. शेजारच्या खोलीतलं पहिलं मात्र प्रिंटरमध्येच होतं, म्हणून त्या प्रिंटरचं साहित्य-स्थिती दाखवणारं पान छापलं. एचपीच्या अनेक लेझर प्रिंटरमध्ये त्यावर चिपचा `Serial Number`, `Pages Printed With This Supply` आणि `First Install Date` अशा नोंदी येतात. बसवल्याची तारीख तुम्ही बसवलं त्याआधीची असेल, किंवा पानांचा आकडा तुमच्या हिशेबापेक्षा मोठा असेल, तर कार्ट्रिज दुसऱ्याकडे चाललेलं आहे. त्या पानावर तारीख आणि आकडा दोन्ही ठीक होते. क्रमांक लिहून घेतला. मग चारांतलं तिसरं कार्ट्रिज, पट्टी न ओढता, फक्त चिप वाचण्यापुरतं बसवून लगेच बाहेर काढलं. ते पान आलं तेव्हा क्रमांकाचा प्रत्येक आकडा आधीच्याच क्रमांकाशी जुळत होता. मूळ मालात दोन कार्ट्रिजना एक क्रमांक असायचं कारण नाही, एकाच चिपची नक्कल अनेकांवर लावली असेल तरच असं घडतं. दोन्ही पानं, कापलेल्या ठशाचा फोटो आणि भिंगाखालच्या अक्षराचा फोटो एकत्र करून चारही खोके पुरवठादाराकडे परत पाठवले. तीन कार्ट्रिजच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या, त्यामुळे ‘वापरलेला माल परत करताय’ असं म्हणायला त्याला जागा उरली नाही.