सुट्या लेखांचे पैसे आणि एकत्रित बिल : आमच्या वाचक-ग्राहकांसाठी माहिती

पुण्यात पेपर टाकणारा दारात रोज पैसे मागत नाही, महिन्याचे बिल एकदाच देतो. आमच्याकडील मराठी नियतकालिकांचे सुटे लेख आपण वाचता, तेव्हाही हिशेब असाच ठेवला जातो. फरक इतकाच की आमचे बिल तारखेवर नव्हे, तर रकमेवर निघते.

लेखाखालील ‘वाचा’ हे बटण आपण दाबले की लेखाचा क्रमांक, वेळ आणि किंमत आपल्या मोबाइल क्रमांकाच्या खात्यावर नोंदली जाते आणि लेख लगेच उघडतो. त्या क्षणी बँकेशी कोणताही व्यवहार होत नाही. नोंदींची बेरीज 100 रुपयांवर पोहोचली की बिल तयार होते, आणि ते भरेपर्यंत नवा लेख उघडत नाही. महिनाअखेरीस बेरीज 40 रुपयेच असेल, तर ती तशीच पुढे जाते. जर्मनीतील लेटरपे या सेवेने 5 युरोंची मर्यादा ठेवून हीच पद्धत वापरली होती.

असे का, हे एका हिशेबावरून कळेल. कोथरूडच्या एका वाचकाने 4 रुपयांचे 14 आणि 8 रुपयांचे 6 लेख वाचले, म्हणजे एकूण 104 रुपये झाले. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे 3 रुपये आणि रकमेच्या 2 टक्के आकार पडतो असे धरले, तर वीस वेळा पैसे घेताना सुमारे 62 रुपये आकारातच जातील. एका बिलात तो आकार जेमतेम 5 रुपये होतो. बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिल्यास व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापला जाणारा आकार, लागत नाही हे खरे, पण चार रुपयांसाठी दर वेळी पिन टाकायला लावणे आम्हाला योग्य वाटत नाही, शिवाय अडकलेले व्यवहार जुळवत बसावे लागते ते वेगळेच.

एकच लेख चुकून दोनदा उघडला, तरी नोंद एकदाच होते. मात्र मोबाइल क्रमांक न देता वाचल्यास नोंदी केवळ त्या ब्राउझरशी जोडल्या जातात. मग फोनवर एक आणि संगणकावर दुसरे खाते तयार होते, आणि कुकी पुसल्या की विकत घेतलेला लेख पुन्हा पैसे मागू लागतो. तसे दिसल्यास खाते दुभंगले आहे असे समजावे आणि दोन्हीकडे एकाच क्रमांकाने प्रवेश करावा. नोंदी आपोआप एकत्र होतात. पुसलेल्या कुकीतील नोंदी मात्र आम्हालाही परत आणता येत नाहीत.

लेख पसंत न पडल्यास किंवा अर्धवटच दिसल्यास बिल निघण्यापूर्वी ‘माझ्या नोंदी’ येथे जाऊन हरकत नोंदवावी. तोवर लेखाची नोंद ही वहीतील एक ओळच असते आणि आम्ही ती विनातक्रार खोडतो. बिल भरल्यानंतर 4 रुपये बँकेतून परत पाठवण्यासाठी पुन्हा स्वतंत्र व्यवहार करावा लागतो, म्हणून अशी रक्कम आम्ही पुढील बिलातून वजा करतो.