१००, १६० की ३५० सीसी? मोटरसायकलचा वर्षाचा खर्च कसा मांडावा

गाडी बदलायची म्हटली की गॅरेजवर पहिला प्रश्न येतो तो ॲव्हरेजचा. पेट्रोल दर आठवड्याला खिशातून जातं, म्हणून तेच डोळ्यांत भरतं. बाकीचे खर्च वर्षातून एकदा, दोन वर्षांतून एकदा किंवा थेट गाडी विकताना समोर येतात, त्यामुळे हिशेबातून निसटतात. ते सगळे एकत्र धरून हे पत्रक केलं आहे.

उदाहरण घेऊ पावसहून रत्नागिरीला रोज कामाला येणाऱ्या माणसाचं. जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस किलोमीटर, त्यात बाजारहाट, लग्नकार्यं आणि सासुरवाडी धरली की वर्षाला साधारण १०,००० किलोमीटर होतात. गाडी नवी घेतली आणि पाच वर्षांनी विकली असं समजू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं आहे. ऑन-रोड किंमत १०० सीसीला ९५ हजार, १६० सीसीला १ लाख ४० हजार आणि ३५० सीसीला २ लाख ३० हजार. पाच वर्षांनी त्या अनुक्रमे ५० हजार, ७० हजार आणि १ लाख ३० हजारांना जातील असा अंदाज. आकडे अंदाजाचेच आहेत. तुमच्या गाडीचे खरे आकडे घालून बेरीज पुन्हा करा.

| वर्षाचा खर्च (रुपये) | १०० सीसी | १६० सीसी | ३५० सीसी |
|---|---|---|---|
| पेट्रोल (ॲव्हरेज ६० / ४५ / ३२) | १७,५०० | २३,३०० | ३२,८०० |
| सर्व्हिसिंग, चेन-किट धरून | ४,००० | ५,५०० | ८,५०० |
| टायर | १,२०० | १,८०० | ४,२०० |
| विमा | १,८०० | २,९०० | ४,१०० |
| किमतीतली घट | ९,००० | १४,००० | २०,००० |
| एकूण | ३३,५०० | ४७,५०० | ६९,६०० |

किलोमीटरला पडतात साधारण ३ रुपये ३५ पैसे, पावणेपाच रुपये आणि सात रुपये.

आता १०० आणि १६० सीसीतला फरक पाहा. वर्षाला १४ हजारांचा फरक पडतो, पण त्यात पेट्रोलचा वाटा ५,८०० रुपयांचाच आहे. जवळपास तेवढेच, ५ हजार रुपये, किमतीतल्या घटीत जातात, आणि त्याची पावती कुणी देत नाही. गाडी कमी फिरत असेल तर हे आणखी ठळक दिसतं. गावातल्या गावात वर्षाला ३,००० किलोमीटर चालवणाऱ्याला पेट्रोलचा फरक पडतो जेमतेम पावणेदोन हजारांचा. अशा माणसाने दोन-चार किलोमीटरच्या ॲव्हरेजसाठी मॉडेलं ताडून पाहण्यात वेळ घालवू नये, विकताना कोणती गाडी भाव धरते ते पाहावं.

म्हणून मधल्या गाडीची हौस असेल तर आम्ही तीन वर्षं वापरलेली बघा असं सुचवतो. वरचीच १६० सीसी तीन वर्षांनी ९० हजारांना मिळाली, चार वर्षं चालवली आणि ५५ हजारांना विकली, तर वर्षाची घट १४ हजारांवरून ८,७५० वर येते. दुरुस्तीला वर्षाला दीड हजार जादा धरले तरी पावणेचार हजार वाचतात.

ॲव्हरेजचा तक्ता सपाट रस्त्याचा आणि एकट्या माणसाचा आहे. मागे बायको, पुढे आंब्याची पेटी आणि समोर आंबा घाट असेल, तर १०० सीसीचं इंजिन पूर्ण पिळून चालवावं लागतं आणि साठाचं ॲव्हरेज पन्नासवर येऊ शकतं. १६० सीसीला तोच चढ जड जात नाही, तिचं ॲव्हरेज फारसं पडत नाही. आठवड्याला कोल्हापूरची खेप असेल तर दोघींतलं अंतर पुष्कळ कमी होतं. खरं ॲव्हरेज मोजायचं तर टाकी काठोकाठ भरा, तीनशे-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा आणि किलोमीटरला दुसऱ्या वेळच्या लिटरने भागा. मीटरवर दिसणारं ॲव्हरेज बहुधा थोडं खुशीतलं असतं.

विम्यात एक बारीक गोष्ट आहे. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो सीसीच्या टप्प्यांवर असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ आणि त्याच्यावर २,८०४ आहेत, कर वेगळा. म्हणजे १४९ सीसीची गाडी खालच्या टप्प्यात बसते आणि १६० सीसीची थेट ३५० च्या पंगतीत. गाडी विकताना 'नो क्लेम बोनस' गाडीसोबत जात नाही, तो मालकाचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घेऊन नव्या गाडीला लावा. आणि हजार-दीड हजाराच्या ओरखड्यासाठी क्लेम करून तो घालवू नका.

सर्व्हिसिंगमध्ये आपल्याकडे खरा शत्रू समुद्राचा वारा. खार लागते ती आधी पुढच्या शॉकॲबच्या पाईपला. चकचकीत मुलाम्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसू लागतात, ते ऑइल सील कापतात आणि तेल गळायला लागतं. सील स्वस्त आहे, पण ठिपके राहिले तर नवं सीलही लवकर जातं, आणि पाईप बदलायचा म्हटलं की खर्च काही हजारांत जातो. दुसरी जागा डिस्कच्या कॅलिपरची पिन. ती गंजून अडकली की पॅड एकाच बाजूने झिजतं, चाक हाताने फिरवलं तर जड लागतं आणि ॲव्हरेजही पडतं. पिन काढून साफ करून ग्रीस लावणं हे थोड्या वेळाचं काम आहे. ते आगोटीला एकदा आणि दिवाळीला एकदा करून घ्या.

चेनचंही तसंच. बऱ्याच १०० सीसी गाड्यांची चेन बंद कव्हरात असते, पावसातला लाल चिखल तिथे फारसा पोचत नाही. मोठ्या गाड्यांची चेन उघडी असते, म्हणून पावसाळ्यात दर चार-पाचशे किलोमीटरला पुसून चेन-ल्यूब मारावं लागतं. पेट्रोलने धुऊ नका, चेनमधल्या रबरी रिंगा त्याने खराब होतात.

३५० सीसीच्या टायरचा आकडा मोठा दिसतो, कारण मागचा टायर महाग तर आहेच, शिवाय वजनामुळे पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास संपू शकतो. १०० सीसीचा मागचा तेवढ्यात अर्धाअधिक शिल्लक असतो. टायर घेताना बाजूवरचे चार अंक वाचा. २३२५ असेल तर तो २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

विक्रीच्या वेळी घाटावरचा गिऱ्हाईक किनाऱ्यावरच्या गाडीला आधीच पाडून मागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे त्याआधी घेतलेल्या गाडीची अपेक्षाही थोडी खाली धरा. कर्ज फिटलं असेल तर आरसी बुकावरची बँकेची नोंद आधीच काढून घ्या, नाहीतर आलेला गिऱ्हाईक त्यापायी परत जातो.

वापरलेली गाडी घेणार असाल तर सौदा ठरण्याआधी आमच्याकडे आणा. शॉकॲबच्या रबरी टोपीखालचा पाईप, सायलेन्सरचा बुडखा, स्पोक आणि बॅटरीखालची पट्टी आम्ही तुमच्यासमोर उघडून दाखवू. गाडीची वरची पॉलिश पाहायला आमची गरज नाही.