सरकती सरासरी आणि पुनरावर्ती फिल्टर : छोट्या मायक्रोकंट्रोलरवरील दोन रीतींची पार्श्वभूमी

सेन्सरकडून येणारी नोंद क्वचितच स्थिर असते. तापमान बदललेले नसतानाही एडीसीचा, म्हणजे विद्युतदाबाचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचा, आकडा ४९७, ५०३, ४९९, ५०१ असा हलत राहतो, आणि हा गोंगाट कमी करण्यासाठी छोट्या मायक्रोकंट्रोलरवर प्रामुख्याने दोनच रीती वापरल्या जातात. पहिली म्हणजे शेवटच्या काही नोंदींची सरकती सरासरी, आणि दुसरी म्हणजे प्रथम-कोटीचा पुनरावर्ती फिल्टर, जो मागच्या उत्तरात नव्या नोंदीचा थोडासा अंश मिसळतो; या अंशाला गुणांक म्हणतात. या रीती एकमेकींना पर्यायी समजल्या जातात. पण त्या वेगवेगळ्या गरजांतून जन्मलेल्या आहेत आणि त्यांचे आजचे गुणदोष त्या गरजांशीच जोडलेले आहेत.

सरकती सरासरी ही संख्याशास्त्रज्ञांची देणगी आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये गव्हाच्या किमती आणि कापूस-रेशमाची आयात यांची तुलना करताना वर्षावर्षाचे चढउतार सरासऱ्या घेऊन सपाट केले. १९०१ मध्ये आर. एच. हूकर यांनी इंग्लंडमधील विवाहांचे प्रमाण आणि व्यापार यांचा संबंध तपासताना प्रत्येक वर्षासाठी त्या वर्षाभोवतीच्या नऊ वर्षांची सरासरी काढली. नऊ हा आकडा त्यांनी सहज घेतला नव्हता. व्यापारातील तेजी-मंदीचे चक्र साधारण तेवढ्याच काळाचे होते, आणि खिडकीची, म्हणजे सरासरीत घेतलेल्या काळाची, लांबी चक्राच्या लांबीइतकी ठेवली की त्या चक्रातील चढ आणि उतार एकमेकांना पुरते खोडून काढतात. माझ्या मते सरकत्या सरासरीचा सर्वांत मोलाचा गुण हाच आहे, आणि तो तिच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे.

मोजमापाच्या उपकरणांनीही हा गुण उचलला. डिजिटल मल्टिमीटरमधील द्विउतार पद्धतीचा एडीसी येणारा विद्युतदाब ठरावीक काळ साठवत जातो, आणि तो काळ वीजपुरवठ्याच्या आवर्तनांच्या पूर्ण पटीत ठेवतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. १०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झची पाच आणि ६० हर्ट्झची सहा पूर्ण आवर्तने बसतात, त्यामुळे तेवढा काळ निवडला की दोन्ही पुरवठ्यांची मोजमापात मिसळणारी लाट, म्हणजे गुणगुण, उत्तरातून निघून जाते. मायक्रोकंट्रोलरवर दर मिलिसेकंदाला एक नोंद घेऊन वीस नोंदींची सरासरी काढणे म्हणजे हीच युक्ती सॉफ्टवेअरमध्ये करणे होय.

या उपकरणांच्या आधीच या रीतीचा एक धोकाही समोर आला होता. येव्गेनी स्लुत्स्की यांनी १९२७ मध्ये सरकारी लॉटरीत निघालेल्या क्रमांकांचे शेवटचे अंक घेतले आणि त्यांच्या सरकत्या बेरजा मांडल्या. मूळ अंकांत कोणताही क्रम नव्हता, तरीही बेरजांच्या आलेखात तेजी-मंदीसारख्या संथ लाटा दिसू लागल्या. शेजारशेजारच्या बेरजांत बहुतेक अंक समान असल्यामुळे हे घडते. सेन्सरच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. फिल्टर केलेल्या आलेखात हळूहळू वर जाऊन खाली येणारा उंचवटा दिसला, तर तो तापमानातील खरा बदल असेलच असे नाही. तो सपाट केलेला गोंगाटही असू शकतो. हीच गोष्ट पुनरावर्ती फिल्टरलाही लागू पडते, म्हणून मूळ नोंदीही सोबत छापून पाहाव्यात.

पुनरावर्ती फिल्टरचे मूळ तक्त्यांत नसून यंत्रांत आहे. रोध आणि संधारित्र जोडून केलेले साधे मंडल हेच काम करते : संधारित्रावरचा दाब हीच त्याची संपूर्ण आठवण असते आणि नवा दाब तिच्यात हळूहळू मिसळत जातो. रॉबर्ट जी. ब्राउन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या यंत्रणेवर काम करत होते आणि तिथे त्यांनी या सपाटीकरणाचा उपयोग केला. पुढे, १९५०च्या दशकात, हीच रीत त्यांनी मालाच्या मागणीचा अंदाज बांधण्यासाठी आकड्यांच्या रूपात मांडली. हजारो वस्तूंचा साठा सांभाळणाऱ्या गोदामात प्रत्येक वस्तूच्या मागच्या अनेक महिन्यांचे आकडे जपण्यापेक्षा एकच आकडा जपून तो दर महिन्याला थोडा सरकवणे कितीतरी सोपे होते. जॉन मथ यांनी १९६० मध्ये याला सैद्धांतिक आधार दिला : मूळ राशी यादृच्छिक पावलांनी सरकत असेल आणि मोजमापात स्वतंत्र गोंगाट मिसळत असेल, तर योग्य गुणांक निवडलेला हाच फिल्टर सर्वोत्तम अंदाज देतो. हळूहळू बदलणाऱ्या तापमानाचे किंवा पाण्याच्या पातळीचे वर्णन पुष्कळदा याच्या जवळ जाते.

मात्र मायक्रोकंट्रोलरवर आज जो कोड लिहिला जातो, त्याच्या सर्वांत जवळचा पूर्वज मला संगणकांच्या जाळ्यांत दिसतो. पाठवलेल्या पॅकेटची पोच यायला सरासरी किती वेळ लागतो याचा अंदाज टीसीपी या इंटरनेटच्या संदेशवहन-नियमावलीला सतत ठेवावा लागतो, आणि १९८१च्या टीसीपी प्रमाणकात त्यासाठी प्रथम-कोटीचा पुनरावर्ती फिल्टरच सुचवलेला होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये, जाळ्यातील कोंडी टाळण्याविषयीच्या आपल्या निबंधाच्या परिशिष्टात, हे गणित केवळ पूर्णांकांत आणि गुणाकार-भागाकाराविना कसे करावे ते दाखवले. नवी नोंद `m` मध्ये असते, आणि `sa` मध्ये सरासरी नव्हे तर सरासरीची आठपट ठेवलेली असते :

```c
m -= (sa >> 3);
sa += m;
```

सरासरीऐवजी तिची आठपट का ठेवायची, हे न कळल्यामुळे छोट्या मायक्रोकंट्रोलरवर एक चूक वारंवार होते. गुणांक १/१६ असलेला फिल्टर `y += (x - y) / 16` असा लिहिला आणि `y` पूर्णांक ठेवला, असे समजा. `y` ५०० आहे आणि सेन्सरची नोंद ५१५ वर जाऊन तिथेच स्थिरावली. फरक १५, त्याला १६ ने पूर्णांकी भागले की शून्य. `y` ५०० वरच अडकून राहतो, कितीही वेळ थांबले तरी हलत नाही. खालून वर जाताना आणि वरून खाली येताना, दोन्हीकडे पंधरा-पंधरा घरांचा मृत पट्टा तयार होतो. भागाकाराच्या जागी `>> 4` वापरले तर लक्षण बदलते : बहुतेक कंपायलर ऋण संख्येला उजवीकडे सरकवताना खालच्या पूर्णांकाकडे नेतात, त्यामुळे उतरणारी नोंद नेमक्या जागी पोहोचते, पण चढणारी नोंद पंधरा घरे आधीच थांबते. सेन्सर तापवून आणि थंड करून एकाच तापमानाला दोन वेगळे आकडे मिळत असतील, तर सेन्सरला दोष देण्याआधी ही ओळ तपासावी.

जेकबसन यांच्या रीतीने हाच फिल्टर असा होतो :

```c
s += x - (s >> 4);
y = s >> 4;
```

आता `s` मध्ये सरासरीची सोळापट असल्यामुळे एका घराहून लहान बदलही जपले जातात, आणि खालून असो वा वरून, `y` अखेर ५१५ वरच येतो. दहा बिटांच्या एडीसीची सर्वांत मोठी नोंद १०२३ असते. तिची सोळापट सोळा बिटांत सहज मावते. सरकवण सहा बिटांपर्यंत, म्हणजे गुणांक १/६४ पर्यंत नेली तरी `s` जास्तीत जास्त ६५४७२ होतो, आणि सोळा बिटांच्या चिन्हविरहित चलाची मर्यादा ६५५३५ आहे. त्यापुढे बत्तीस बिट घ्यावे लागतात. सुरुवातीला `s` मध्ये पहिल्या नोंदीची सोळापट भरून ठेवावी, नाहीतर फिल्टर शून्यापासून रांगत वर येतो.

ही ओळ सरकत्या सरासरीच्या ओळीशेजारी ठेवून पाहिली की दोन रीतींचे नाते उघड होते. सरकती सरासरी काढताना दरवेळी सर्व नोंदी बेरजेत घेत नाहीत. चालू बेरजेत नवी नोंद मिळवून सर्वांत जुनी, म्हणजे `buf[i]`, वजा करतात आणि मग `i` पुढच्या जागी चक्राकार सरकवतात :

```c
sum += x - buf[i];
buf[i] = x;
```

दोन्हीकडे एक बेरीज आहे आणि दोन्हीकडे नवी नोंद आत येते. फरक एवढाच की सरकती सरासरी सर्वांत जुनी नोंद लक्षात ठेवून नेमकी तीच बाहेर काढते, तर पुनरावर्ती फिल्टर, ती नोंद जवळ नसल्यामुळे, तिच्या जागी सरासरीच वजा करतो. साऱ्या तुलनेचे मर्म या अदलाबदलीत आहे.

तिची किंमत आकड्यांत मांडता येते. गोंगाटाच्या लागोपाठच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर गुणांक १/१६ चा फिल्टर गोंगाटाचे विचरण ३१ पटींनी कमी करतो, म्हणजे ३१ नोंदींच्या सरकत्या सरासरीइतकेच. आणि दोन्हींत वापरलेल्या माहितीचे सरासरी वय पंधरा नोंदी इतके येते. सोळा बिटांच्या ३१ नोंदींना ६२ बाइट लागतात. एटीटायनी-१३ या चिपवर एकूण रॅमच ६४ बाइट आहे. त्यातून बेरीज, निर्देशांक आणि स्टॅक यांना जागा उरत नाही. पुनरावर्ती फिल्टरला दोन बाइट पुरतात.

पण समान गोंगाट म्हणजे समान वागणूक नव्हे. नोंदीने अचानक उडी घेतली तर सरकती सरासरी ३१ नोंदींत नव्या जागी पूर्णपणे पोहोचते. पुनरावर्ती फिल्टर तेवढ्या काळात सुमारे ८६ टक्के अंतर कापतो आणि ९९ टक्क्यांसाठी त्याला सुमारे ७२ नोंदी लागतात. खरी नोंद ५०० असताना सैल तारेमुळे एकदाच १०२३ आले, तर पुनरावर्ती फिल्टर सुमारे ३३ घरे उडी घेऊन हळूहळू ओसरतो, तर सरकती सरासरी सुमारे १७ घरे वर जाते, ३१ नोंदी तिथेच राहते आणि मग एकदम खाली येते. आलेखावर असा सपाट माथ्याचा चौकोनी उंचवटा दिसला आणि त्याची रुंदी खिडकीइतकीच भरली, तर कारण हेच समजावे. असे एकटेदुकटे चुकार आकडे या दोहोंपैकी कोणताही फिल्टर नीट आवरत नाही. त्यांच्यासाठी आधी तीन नोंदींचा मध्यक घेणे बरे.

हूकर यांच्या काळापासूनचा फरकही कायम आहे. दर मिलिसेकंदाच्या नोंदींवर वीस नोंदींची सरासरी ५० हर्ट्झची गुणगुण शून्यावर आणते, तर गुणांक १/१६ चा पुनरावर्ती फिल्टर तिचा सुमारे पाचवा भाग मागे ठेवतो. त्यासाठी नोंदींमधील अंतर मात्र पक्के हवे. मुख्य लूपमधून जमेल तेव्हा एडीसी वाचला तर खिडकी २० मिलिसेकंदांची राहत नाही आणि गुणगुण परत येते, म्हणून टायमरच्या इंटरप्टवर वाचन बांधावे. जागा कमी असेल आणि गुणगुणही घालवायची असेल, तर वीस नोंदी साठवण्याचीही गरज नाही : वीस नोंदींची बेरीज करावी, ती एकच नोंद मानून पुनरावर्ती फिल्टरला द्यावी आणि बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू करावी. फिल्टरला दर २० मिलिसेकंदांना एक नोंद मिळते, तीत वीजपुरवठ्याची लाट उरलेली नसते, आणि सारे काम मोजक्या बाइटांत होते. मात्र दहा बिटांच्या वीस नोंदींची बेरीज २०४६० पर्यंत जाते, आणि तिची सोळापट सोळा बिटांत मावत नाही. त्यामुळे इथे `s` बत्तीस बिटांचाच घ्यावा लागतो.