एकाच ओळीत ३२ पण आणि ६४ पण

निपाणीच्या दाजींचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मराठी, कन्नड, दोन्ही छापतात. मे महिन्यातल्या तारखा गच्च भरलेल्या असताना एका दुपारी त्यांचा फोन आला. पीडीएफ करायचा नवा प्रोग्राम डाउनलोड केला, पण तो बसायलाच तयार नाही. स्क्रीनवर `This app can't run on your PC` असं येतंय.

मी बेळगावात, ते निपाणीत, आणि रिमोटनं बघायला त्यांचं नेट त्या दिवशी मेलेलं. म्हटलं, फाइलचं नाव वाचा. नावाच्या शेवटी x64 होतं.

"दाजी, चौसष्टवाली का घेतली?"

"अरे, कॉम्प्युटरवरच x64 आहे म्हणून लिहून आलंय की! बघूनच घेतली मी."

त्यांनी बघितलं होतं हे खरं. कीबोर्डवर विंडोजची खूण असलेली कळ आणि `Pause` कळ एकत्र दाबली की कॉम्प्युटरची माहिती उघडते. लॅपटॉपवर `Pause` नसेल तर सेटिंग्जमध्ये `System` आणि त्यात शेवटी `About`. तिथं `System type` समोर एक ओळ असते. मी त्यांना ती अक्षर न अक्षर वाचायला लावली:

```
32-bit operating system, x64-based processor
```

सगळी गोम या ओळीतल्या स्वल्पविरामात आहे. त्याच्या अलीकडचा भाग विंडोजबद्दल सांगतो, पलीकडचा आतल्या चिपबद्दल. दाजींची चिप ६४ बिटची, पण तिच्यावर कुणीतरी कधीकाळी ३२ बिटचं विंडोज घालून दिलेलं. प्रोग्राम विंडोजच्या हाताखाली चालतो, चिपशी त्याची थेट ओळख नसते. म्हणून इन्स्टॉलर निवडताना स्वल्पविरामाच्या अलीकडचा आकडा बघायचा. दाजींनी पलीकडचा बघितला.

खात्री करायला मी त्यांना काळी खिडकी, म्हणजे `cmd`, उघडून एवढं टाइप करायला सांगितलं:

```
echo %PROCESSOR_ARCHITECTURE%
```

उत्तर आलं `x86`. विंडोज ६४ बिटचं असतं तर `AMD64` आलं असतं. फोनवरून विचारायला हा उपाय मला जास्त आवडतो, कारण एका शब्दात निकाल लागतो.

आता हे `x86` म्हणजे ३२ बिट कसं? ज्यानं कुणी हे नाव तसंच चालू ठेवलं त्याला खडे बाजारात उभं करून विचारायला पाहिजे. इंटेलची ८०८६ ही चिप १९७८ ची. पुढच्या चिपांची नावंही ८०२८६, ८०३८६ अशी ८६ वर संपणारी. त्यातली १९८५ ची ८०३८६ ही ३२ बिटची होती, आणि त्या घराण्याला x86 म्हणायची सवय तिथून टिकली. त्यामुळे डाउनलोडच्या पानावर x86 आणि x64 शेजारी शेजारी दिसले की ८६ मोठा म्हणून तोच नवा, असं वाटणारे लोक मी बरेच बघितलेत. `AMD64` चंही तसंच. हा ६४ बिटचा प्रकार एएमडी कंपनीनं काढला आणि २००३ मध्ये बाजारात आणला, मग इंटेलनंही तोच उचलला. म्हणून इंटेलच्या मशीनवरही `AMD64` दिसतं आणि ते बरोबर असतं. `arm64` मात्र अगदी वेगळ्या जातीच्या चिपसाठी असतं. तुमच्या ओळीत `ARM-based processor` लिहिलेलं नसेल तर त्या फाइलकडे बघू नका.

बिटांचा खरा संबंध पत्त्यांशी आहे. लँडलाइनचे नंबर सहा आकडी असतील तर एका गावात दहा लाखांहून जास्त नंबर होऊच शकत नाहीत. एक आकडा वाढवला की थेट एक कोटी होतात. मेमरीतल्या प्रत्येक बाइटलाही असाच एक नंबर लागतो, फक्त इथं आकडे दोनच, ० आणि १. असे ३२ आकडे लिहायला मिळाले तर ४,२९,४९,६७,२९६ नंबर तयार होतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. घरगुती ३२ बिट विंडोजची धाव तिथंच संपते. आठ जीबी रॅम बसवली तरी वरची चार नुसती बसून राहते.

आणि चारही पुरती हाती लागत नाही. त्याच पानावर `Installed RAM` समोर दाजींना `4.00 GB (3.24 GB usable)` दिसत होतं. उरलेली पाऊण जीबी कुणी खाल्ली असं ते विचारत होते. कुणी खाल्ली नाही. ग्राफिक्स वगैरे भागांशी बोलायलाही चिपला नंबरच लागतात, आणि ते त्याच चार जीबीच्या यादीतून राखून ठेवलेले असतात. ज्या रॅमच्या वाट्याला नंबर आला नाही ती असून नसल्यासारखी.

दाजींनी x86 ची फाइल घेतली आणि प्रोग्राम पाच मिनिटांत बसला.

उलटी बाजू मात्र सोपी जाते. विंडोज ६४ बिटचं असेल आणि हातात ३२ बिटचा इन्स्टॉलर पडला, तर बहुतेक वेळा तो चालून जातो. ६४ बिट विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रामांसाठी वेगळी सोय असते. सी ड्राइव्हमध्ये `Program Files (x86)` असं दुसरं फोल्डर दिसतं ते त्यांचंच घर. पण ही सवलत ड्रायव्हरला नाही. प्रिंटर, स्कॅनर यांचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आत जाऊन काम करतो, म्हणून तो विंडोजच्याच बिटांचा लागतो. तिथं ३२ च्या जागी ६४ चालत नाही आणि ६४ च्या जागी ३२ ही नाही.

संध्याकाळी दाजींचा परत फोन. "चिप चौसष्टची आहे म्हणतोस, मग विंडोजपण चौसष्टचं घालूया की."

घालता येतं. पण वरच्या वर बदलता येत नाही. नवं विंडोज कोऱ्या पाटीवर घालावं लागतं, म्हणजे सगळे प्रोग्राम पुन्हा, सगळ्या फायलींची प्रत आधी बाहेर. आणि मिळणार काय, तर रॅम चारच जीबी असल्यामुळे ती अडलेली पाऊण जीबी. मी त्यांना एकच विचारलं, पत्रिकेच्या मराठी अक्षरांचा तो जुना प्रोग्राम कशावर चालतो?

त्याला मागच्या जुन्या प्रिंटर पोर्टमध्ये लॉक लावायला लागतं. ते काढलं की प्रोग्राम उघडत नाही. त्या लॉकलाही ड्रायव्हर लागतो, आणि सोबतच्या सीडीवर होता तो फक्त ३२ बिटचा. प्रोग्राम स्वतः ६४ बिट विंडोजवर कदाचित चालला असता, पण लॉक ओळखलं गेलं नसतं, आणि ऐन हंगामात पंधरा वर्षांच्या पत्रिकांचे नमुने समोर असून उघडले नसते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालंच नाही. म्हणून ते मशीन आता नेटवरून काढलंय. पत्रिका त्याच्यावर बनते, पेन ड्राइव्हनं शेजारच्या नव्या कॉम्प्युटरवर जाते. नव्याच्या मॉनिटरवर दाजींनी चिठ्ठी चिकटवली आहे, "६४ / ६४". जुन्याच्या चिठ्ठीवर त्यांनी फक्त "३२" लिहिलंय. स्वल्पविरामाच्या पलीकडचं मुद्दामच लिहिलं नाही म्हणाले, नाहीतर दुकानातला पोरगा परत तेच वाचेल.