दाराआडचं मूल आणि चिंचोक्यांची रांग

गणपतीत चुलत बहिणीकडे नाशिकला गेलो होतो. तिची साडेतीन वर्षांची मुलगी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता. बैठकीत आठ-दहा माणसं. जो येई तो तिच्यापुढे वाकून तेच विचारी, "नाव काय गं तुझं? शाळेत जातेस का? मामाला गाणं म्हणून दाखव बघू!" प्रत्येक प्रश्नागणिक तो डोळा आणखी आत जाई. शेवटी कुणीतरी निकाल दिला, "फारच लाजाळू आहे बाई, चार माणसांत मिसळायची सवय लावा हिला." एका आजींनी वेखंड उगाळून मधातून चाटवायला सांगितलं.

वेखंडाचं आधी बोलून टाकतो, कारण हा सल्ला आजही घरोघरी दिला जातो. ही मुलगी घरात आईशी अखंड बोलते, म्हणजे जिभेत काही अडलेलं नाही. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यामुळे गाठी झाल्याचं दिसलं आणि अमेरिकेत 1968 सालीच खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आली. त्यात वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं म्हणजे बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जिवाणूंचा धोका. वाचा फुटावी म्हणून हे चाटवू नका.

'सवय लावा' हा सल्ला विषारी नाही, पण तोही चुकीच्या समजावर उभा आहे. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना रंगीत टांगती खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडत रडायला लागलं. पुढे दोन वर्षांची झाल्यावर अनोळखी माणसासमोर गप्प होणारी, आईला चिकटणारी मुलं या गटात जास्त निघाली. सगळीच तशी झाली नाहीत, हेही केगन यांनी नोंदवलं आहे. दुसऱ्या वर्षी अशी बुजरी असलेली मुलं विशीत आल्यावर त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं गेलं. तो अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी चेहरा दिसला की त्यांचा अमिग्डला, म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा मेंदूतला बदामाएवढा भाग, इतरांपेक्षा जास्त चेतवला जात होता. म्हणजे दाराआडच्या मुलीला शब्द येतात. पण त्या क्षणी तिचा मेंदू 'हे कोण, काय करणार' एवढ्याच हिशेबात गुंतलेला असतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. आपण प्रेमाने वाकतो तेव्हा त्या हिशेबात नेमकं काय घडतं?

हनुवटीपासून केसांपर्यंत आपला चेहरा साधारण 20 सेंटिमीटर उंच असतो. दोन मीटरवरून तो मुलाच्या डोळ्याशी सहा अंशांचा कोन करतो. (हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश व्यापते, त्यावरून अंदाज येईल.) आपण एक मीटरवर आलो की कोन अकरा अंशांचा होतो. एक मीटर चाललो आणि वाढ जेमतेम पाच अंशांची. पण तिथून वाकून तोंड 30 सेंटिमीटरवर नेलं की कोन थेट 37 अंशांवर जातो. चाललो त्यापेक्षा कमी अंतर, आणि वाढ सव्वीस अंशांची! एखादी वस्तू सरळ आपल्याकडे येत असेल तर तिची प्रतिमा अशीच फुगते. आधी हळूहळू, आणि अगदी शेवटी एकदम. क्रिकेटचा चेंडू तोंडावर येताना याच फुगण्यावरून आपण मान वळवतो.

हा फुगवटा ओळखायला शिकावं लागत नाही. विल्यम बॉल आणि एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1971 साली काही आठवड्यांच्या बाळांसमोर पडद्यावर वाढत जाणारी सावली टाकली. प्रत्यक्षात काहीच जवळ येत नव्हतं, तरी बाळांनी डोकं मागे घेतलं आणि हात वर नेले. सावली एका बाजूला सरकत वाढली, म्हणजे वस्तू शेजारून निघून जाणार असं दिसलं, तेव्हा बाळं तशी दचकली नाहीत. नंतर अल्बर्ट योनास यांनी शंका काढली, की डोकं मागे जाणं हे सावलीची वरची कड पाहण्यामुळेही असू शकतं, त्यापेक्षा पापणी मिटणं ही खात्रीची खूण. शंका रास्त होती, पण पुढच्या प्रयोगांत पापण्यांनीही तीच साक्ष दिली, की जवळ येणारी वस्तू बाळांना फार लवकर कळते. उंदरांवरच्या 2013 सालच्या प्रयोगात डोक्यावरच्या पडद्यावर काळी चकती मोठी होत गेली की उंदीर पळून आडोसा गाठत किंवा जागीच थिजत. मूल म्हणजे उंदीर नव्हे. पण वरून येणारी, वेगाने वाढणारी आकृती आणि आडोशाला पळणं ही जोडी मी त्या दाराच्या फटीत प्रत्यक्ष पाहत होतो.

तिच्या डोळ्यांची उंची जमिनीपासून 87 सेंटिमीटरच्या आसपास, उभा असताना माझ्या डोळ्यांची 165. मी मांडी घालून बसलो की माझे डोळे 75 सेंटिमीटरवर येतात, तिच्याहूनही खाली. उकिडवं बसलं तर उंची जुळते, पण तो माणूस केव्हाही उठून झेप घेऊ शकतो. म्हणून मांडीच बरी. आणि समोरासमोर बसायचं नाही, तिरकं बसायचं. सावलीच्या प्रयोगातली बाजूने निघून जाणारी वाट आठवा. तिरकं बसलेल्या माणसाचा रोख मुलावर नसतो. हा दुवा मी जोडलेला आहे, त्यावर प्रयोग झालेला नाही. पण तिरकं बसण्याचा गुण मला दरवेळी आला आहे.

मी दारापासून पाचेक फुटांवर, भिंतीकडे पाठ करून बसलो. कोपऱ्यात तिचा खेळ पडला होता. फरशीच्या सांध्यावर चिंचोक्यांची रांग लावलेली, शेजारी स्टीलचं झाकण. मी तिच्या रांगेला हात लावला नाही. झाकणातून पाच चिंचोके घेतले आणि शेजारच्या सांध्यावर माझी रांग मांडू लागलो. नजर चिंचोक्यांवर. "हा इथे... हा जरा वाकडा बसला," एवढंच पुटपुटत होतो.

इथे काय बदललं? बैठकीत दोनच टोकं होती, विचारणारा आणि ती, आणि सगळा प्रकाशझोत तिच्यावर. चिंचोके आले तसं तिसरं टोक आलं. दोघांनी मिळून तिसऱ्या वस्तूकडे पाहणं याला सामायिक लक्ष म्हणतात आणि मुलांची भाषा बरीचशी याच त्रिकोणात वाढते. मायकेल टोमासेलो आणि मायकेल फॅरर यांनी 1986 साली दाखवलं, की मूल आधीच ज्या वस्तूकडे पाहत आहे तिचं नाव मोठ्या माणसाने घेतलं तर ते मुलाला जास्त चांगलं शिकता येतं. त्याचं लक्ष ओढून दुसरीकडे नेऊन सांगितलेलं नाव तेवढं पक्कं होत नाही. म्हणून मी खिशातलं चॉकलेट काढलं नाही. खेळ तिचा होता, मी त्यात गेलो.

प्रश्नही विचारले नाहीत. प्रश्न आला की उत्तराची जबाबदारी मुलावर पडते, आणि गप्प राहिलं तर ते सगळ्यांना दिसतं. 'हा वाकडा बसला' या वाक्याला उत्तर लागत नाही, पण हवं तर देता येतं. घराबाहेर बोलणंच थांबलेल्या मुलांच्या उपचारात तज्ज्ञ याच क्रमाने जातात. आधी नुसता खेळ आणि वर्णन, मग 'हा की तो?' असा निवडीचा प्रश्न. हो-नाही चालेल असा प्रश्न टाळतात, कारण त्याला मान हलवून भागतं. प्रश्नानंतर निदान पाच सेकंद थांबतात. हे पाच सेकंद मोजून पाहा, फार लांब वाटतात. आपण दुसऱ्याच सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारतो किंवा आई उत्तर देऊन मोकळी होते.

सात-आठ मिनिटांनी ती दाराबाहेर आली. आधी खांदे सैल झाले, मग फ्रॉकची कड चोळणं थांबलं. तिने स्वतःच्या रांगेतला एक चिंचोका सरकवला. मीही माझा तेवढाच सरकवला. तिने दुसरा सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं, मी करतो की नाही हे तपासायला. आपली नक्कल कुणी करतंय हे चौदा महिन्यांच्या बाळालाही कळतं आणि ते मुद्दाम हालचाली बदलून परीक्षा घेतं, हे अँड्र्यू मेल्टझॉफ यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. तिच्यासाठी याचा अर्थ सरळ होता, या माणसाने पुढे काय करायचं ते मी ठरवते. मघाचा 'काय करणार' हा हिशेब तिथे सुटला. मी मुद्दाम एक चिंचोका सांध्याबाहेर ठेवला. ती म्हणाली, "असा नाय."

आणि मी चूक केली. "अरे वा! बोलली की!" असं मोठ्याने म्हणालो. बैठकीतल्या सगळ्या माना वळल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि ती पुन्हा दाराआड. कौतुक बोलण्याचं झालं, चिंचोक्याचं नाही. त्रिकोण मोडला आणि सगळा झोत पुन्हा तिच्यावर पडला. "हां, असा नाही, सांध्यावर," एवढं म्हणून चिंचोका जागेवर ठेवला असता तर पुरे होतं. पुन्हा बाहेर यायला तिला वीस मिनिटं लागली, आणि त्या दिवशी ती एवढंच बोलली.

सगळीच गप्प मुलं बुजरी नसतात. घरीही शब्द कमी असतील, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्यावी. तुम्ही मांडलेल्या वस्तूकडे किंवा बोट दाखवलं तिकडे मूल क्वचितच पाहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं. घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ एक शब्दही बोलत नसेल, तर ते निवडक मौन असू शकतं. त्यात शाळेचा पहिला महिना धरत नाहीत. हा चिंतेचा आजार आहे, हट्ट नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत. आणि झोप आलेल्या किंवा भुकेल्या मुलावर चिंचोक्यांचाही उपयोग होत नाही.

दिवाळीत पुन्हा गेलो. ती दाराआडच होती, फटीत तोच एक डोळा. मी मांडी घातली आणि खिशातून आणलेले चिंचोके सांध्यावर लावायला लागलो. चौथ्या चिंचोक्याला आतून आवाज आला, "मामा, तो वाकडाय."