अंगठ्यापासून अंगठ्यापर्यंत

मुलांनो, आज आपण पायाच्या अंगठ्यातल्या एका थेंबाच्या मागे जायचंय. खरं तर थेंब वाटेत विखुरतो, म्हणून त्यातल्या एका तांबड्या पेशीवरच नजर ठेवू. तिने आपला ऑक्सिजन अंगठ्याला देऊन टाकलाय. रंग काळपट लाल झालाय. निळा नाही बरं का! पुस्तकातल्या चित्रात निळा असतो तो आपल्याला ओळखता यावा म्हणून.

आता तिला वर चढायचंय, हृदयापर्यंत. ओढायला कोण आहे? चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि मधल्या शिरा पिळल्या जातात. रक्त वर सरकतं, आणि खाली परत येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर बराच वेळ ताठ उभं राहिल्यावर एखाद्याला चक्कर येते ना? पोटऱ्या हलत नाहीत, रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं. म्हणून उभ्या उभ्या टाचा उचलत राहायच्या. पडलेल्याला मात्र बसवू नका, झोपवून पाय वर करा.

झडप बघायचीय? हात खाली सोडा. मनगटाजवळची फुगलेली शीर एका बोटाने दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने त्यातलं रक्त कोपराकडे सारा. वरचं बोट उचला. वाटेत झडप असेल तर शीर सपाटच राहते. आता खालचं बोट उचला, लगेच भरते. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली हाच प्रयोग चित्रांसकट छापला होता.

आपली पेशी आता हृदयाच्या उजव्या बाजूला पोचली. वरच्या कप्प्यात, म्हणजे अलिंदात, जरा थांबली आणि झडप उघडताच खाली निलयात उतरली. निलय आवळलं, झडप धाडकन मिटली. स्टेथोस्कोपमधला 'लब' तो हाच, दार लागल्याचा आवाज. मग पेशी फुफ्फुसात जाते. या वाटेला धमनी म्हणतात, आणि तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. 'धमनी म्हणजे शुद्ध रक्त' असं पाठ करणारे इथेच मार्क घालवतात. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, एवढंच.

फुफ्फुसातल्या केशवाहिनीत पेशी एकीमागे एक, अंग चोरून जातात. कार्बन डायऑक्साइड बाहेर, ऑक्सिजन आत. पेशी लालभडक होऊन हृदयाच्या डाव्या बाजूला येते. डाव्या निलयाची भिंत चांगली जाड असते, कारण उजव्याला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच ढकलायचं असतं, याला पार टोकापर्यंत. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, अर्ध्या कपापेक्षा कमीच. पण मिनिटाला सत्तरेक ठोके धरा, झाले पाच लिटर! मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त जवळपास तेवढंच असतं.

म्हणजे सरासरी एका मिनिटात फेरी पूर्ण. मी बोलत होते तेवढ्यात आपली पेशी तीन-चार वेळा फिरून आली असेल, आणि दर वेळी अंगठ्याकडेच गेली असेल असंही नाही.