पुरानं तुम्हाला काय शिकवलं, हे विचारू नका

2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा आणि दूधगंगा पात्र सोडून वर आल्या, तेव्हा निपाणी भागात कितीतरी मातीच्या भिंती बसल्या. त्यानंतर दोनेक वर्षांनी अशाच एका गावात मी एक प्रश्नावली घेऊन गेले होते. समोर विडीचं सूप मांडीवर घेतलेली एक बाई होती. मी तिला अक्का म्हणते. पुरात तिचं घर गेलं होतं.

ही प्रश्नावली अमेरिकेतल्या रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केली. मोठ्या आघातानंतर काही माणसं आपल्यात चांगला बदल झाल्याचं सांगतात. नाती घट्ट झाली, स्वतःची ताकद कळली, आयुष्याची किंमत कळली, असं ती म्हणतात. या बदलाला त्यांनी आघातोत्तर वाढ म्हटलं. एकूण 21 वाक्यं आहेत आणि प्रत्येकाला 0 ते 5 गुण द्यायचे असतात.

‘मला वाटलं होतं त्यापेक्षा मी कणखर आहे’ अशा अर्थाचं वाक्य मी वाचलं. अक्कांनी हातातली विडी वळून संपवली आणि म्हणाल्या, “पाच लिवा की, बाई.”

मी पाच लिहिले. मग सहज विचारलं, पुराच्या आधी कशा होता? त्या सांगू लागल्या. नवरा वारल्यावर दोन पोरं एकटीनं वाढवली, रोज हजार विड्या वळल्या, मुलीचं लग्न केलं. म्हणजे कणखरपणा आधीपासूनच होता. मग मी लिहिलेल्या पाचांपैकी पुराचे किती?

या मोजमापाची खरी अडचण इथेच आहे. त्या एका आकड्यासाठी माणसाला मनात पाच कामं करावी लागतात. आज मी कशी आहे ते ठरवायचं, तेव्हा कशी होते ते आठवायचं, दोन्हींची तुलना करायची, फरक किती ते मोजायचं, आणि त्यातला किती फरक त्या घटनेमुळे पडला तेही सांगायचं. इतकं काटेकोर कुणालाच जमत नाही. शिवाय आज बरं वाटावं म्हणून कालची मी कमकुवत होते असं मन आपोआप धरून चालतं.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे तपासून पाहिलं. त्यांनी विद्यार्थ्यांची मोजणी सुमारे आठ आठवड्यांच्या अंतरानं दोनदा केली. मधल्या काळात काहींवर आघात ओढवला, त्यामुळे त्यांची आधीची अवस्था कागदावर तयार होती. ‘मी इतकी बदलले’ असं जे सांगितलं गेलं, त्याचा दोन मोजण्यांमधल्या खऱ्या फरकाशी फारसा मेळ बसला नाही. उलट ज्यांनी जास्त वाढ सांगितली, त्यांचा मानसिक त्रासही वाढलेला दिसला. इराकला गेलेल्या डच सैनिकांच्या अभ्यासातही असंच दिसलं. परतल्यावर पाच महिन्यांनी जास्त वाढ सांगणाऱ्यांमध्ये पंधराव्या महिन्याला आघाताची लक्षणं जास्त होती.

म्हणून वाढ खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. काही माणसं खरोखर बदलतात. पण ‘बदलले’ असं म्हणणं हा पुष्कळदा दुःख पेलण्याचा एक आधार असतो, दुःख संपल्याची पावती नसते. टेडेस्की आणि कॅल्हून यांनीही वाढ आणि वेदना एकत्र नांदतात, आणि वाढ प्रत्येकात होतेच असं नाही, हे लिहून ठेवलं आहे. आपण मात्र त्यातली वाढ तेवढी उचलतो.

मी प्रश्नावली घेऊन गेले त्याच वर्षी गावात एका कार्यक्रमात अक्कांना शाल-श्रीफळ दिलं. ‘पुरानं मला उभं राहायला शिकवलं’ असं त्या माईकवर बोलल्या आणि टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून त्यांच्या घरासाठीच्या मदतीच्या रखडलेल्या हप्त्याबद्दल कुणी विचारेना. उभ्या राहिलेल्या बाईला आणखी काय हवं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. माझा खरा राग यावर आहे. वाढीची अपेक्षा ठेवली की मदत आटते. ज्याच्यात वाढ झाली नाही त्याला वाटतं, आपणच कमी पडलो. त्रास होणारा माणूस तो लपवायला शिकतो.

आता प्रश्नावली मी घरीच ठेवते. कुणी आपणहून ‘मी बदलले’ म्हणालं तर मनापासून ऐकते, पण तो विषय मी काढत नाही. त्याऐवजी झोपेबद्दल विचारते, त्या दिवसाची चित्रं अचानक डोळ्यांपुढे येतात का, दचकायला होतं का, नदीकडची वाट टाळली जाते का ते विचारते. हे महिनाभराच्या पुढे चाललं आणि रोजचं काम अडू लागलं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावरही बोलता येतं.

गेल्या पावसाळ्यात अक्कांना विचारलं, “झोप लागती का?”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “पाऊस धरला की न्हाई लागत, बाई. रेशनकार्ड आन् घराचे कागद पिशवीत घालून दाराशी बसती. उजाडोस्तर.”

“भाषणात हे का नाही सांगितलं?”

“तितं कुनी इचारलं?”